दूरच्या भावंडाला भेट: वर्षभर दरमहा येणारी कॉफी, की एकदाच दिलेला ग्राइंडर?

सज्जनगडकर

नमस्कार. माझी धाकटी बहीण दिब्रुगडला वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि वसतिगृहात राहते. या भाऊबीजेला तिला येणे शक्य नाही, म्हणून ओवाळणी येथूनच पाठवायची आहे. ती सध्या बाटलीतील झटपट कॉफी पिते आणि चांगल्या कॉफीची हौस असल्याचे बोलून दाखवते. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत.

पहिला पर्याय म्हणजे बंगळूरच्या एका भाजणीवाल्याची वर्षभराची योजना. दरमहा अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट, किंमत 550 रुपये आणि कुरिअरचे 80, म्हणजे महिन्याला 630 आणि वर्षाला 7,560 रुपये. दुसरा पर्याय असा की हाताने फिरवायचा एक बरा ग्राइंडर (3,200), दट्ट्या दाबून कॉफी गाळायचा फ्रेंच प्रेस (1,100) आणि छोटा वजनकाटा (400) असा 4,700 रुपयांचा संच एकदाच द्यावा.

माझी मर्यादा साधारण साडेसात हजारांची आहे. वर्षाचा खर्च आणि भेटीचे टिकाऊपण या दोन्हींचा विचार करता सदस्यांचे मत काय आहे? ज्यांनी दूरच्या भावंडांना अशी काही भेट दिली आहे, त्यांचे अनुभव विशेष उपयोगी पडतील.

टाकळीकर

आसामला कॉफी पाठवणारा भाऊ प्रथमच पाहिला. ज्या दिब्रुगडला चहाचे शहर म्हणतात तेथे आपण कॉफीची पाकिटे धाडणार, ही उलटी गंगा तिथल्या मळेवाल्यांना कळली तर बहिणीला वसतिगृह सोडावे लागेल.

मंदाकिनी

माझे मत निःसंशय मासिक योजनेच्या बाजूने आहे. माझा थोरला भाऊ भोपाळला असतो आणि मी त्याला गेल्या वर्षी अशीच योजना दिली होती. एकदा दिलेली वस्तू चार दिवस कौतुकाने वापरली जाते आणि मग कपाटात जाते. दरमहा पाकीट आले की त्याचा फोन येतो, या वेळची कशी होती ते तो सांगतो, आणि त्या निमित्ताने वहिनींशीही बोलणे होते. नुसत्या रुपयांच्या हिशेबात ही गोष्ट बसत नाही.

हिशेबनीस

मंदाकिनीताई, ती गोष्ट रुपयांत बसत नसली तरी धागाकर्त्याने प्रश्न रुपयांचा विचारला आहे, म्हणून आधी तो पाहू.

एका कपाला साधारण 15 ग्रॅम कॉफी लागते. अडीचशे ग्रॅममध्ये सोळा कप होतात, म्हणजे वर्षाला 192 कप. 7,560 भागिले 192 केले की कपामागे 39 रुपयांच्या आसपास पडतात. उपाहारगृहातील चांगल्या कॉफीच्या तुलनेत हे स्वस्तच आहे. परंतु हा दर तेव्हाच खरा, जेव्हा प्रत्येक पाकीट वेळेत संपते. पाकीट महिन्याला येते आणि कॉफी कपाने संपते, या दोन गती जुळल्या नाहीत तर दर बदलतो. बहीण महिन्याला स्वतःच्या खोलीत किती कप करते, हे आपल्याला माहीत आहे का?

संचाच्या बाबतीत 4,700 रुपये पाच वर्षांवर पसरवले तर महिन्याला 78 रुपये होतात. मात्र त्या पैशात कॉफीचा एक दाणाही नाही, हे विसरता येणार नाही.

रात्रपाळी

मी स्वतः निवासी डॉक्टर होतो, म्हणून वसतिगृहाचे वास्तव सांगतो. अडीचशे ग्रॅमचे पाकीट सोळा कपांचे असते हे कागदावर ठीक आहे. आमच्या मजल्यावर कोणाच्या घरून काही आले की त्याचा वास सर्वांत आधी शेजारच्या खोलीत पोचत असे. आपण जी कॉफी एका बहिणीला पाठवणार आहात, ती प्रत्यक्षात सहा जणींना पाठवणार आहात.

सज्जनगडकर

हिशेबनीस, हे मी विचारले नव्हते, आज विचारून घेतो.

भाजणीघर

मी कॉफी भाजण्याच्या व्यवसायात बरीच वर्षे आहे, त्यामुळे एक प्रश्न विचारतो, ज्यावर बाकी सगळे अवलंबून आहे. योजनेतील पाकीट सबंध दाण्यांचे येणार आहे की दळलेल्या कॉफीचे? बहिणीकडे ग्राइंडर नसेल तर आपल्याला दळलेलीच मागवावी लागेल आणि तेथेच योजनेचे निम्मे मोल संपते.

भाजलेल्या दाण्यात काही आठवडे वायू कोंडलेला असतो आणि सुगंधी द्रव्ये दाण्याच्या आत सुरक्षित असतात. भाजल्यापासून साधारण आठवड्याने दाणे चांगले लागू लागतात आणि पुढे महिना-सव्वा महिना चांगले राहतात. दळल्यावर हवा लागणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, आणि तीच कॉफी उघडल्यापासून थोड्याच दिवसांत मंद होऊ लागते. त्यात बंगळूरहून दिब्रुगडला कुरिअरने पोचायला आठवडा ते दहा दिवस सहज जातात, आणि तेथील हवा वर्षातील बराच काळ दमट असते. म्हणजे दळलेल्या पाकिटातील पहिले पाच-सहा कप चांगले, पुढचे चार बरे, आणि शेवटचे निव्वळ कडू पाणी. पैसे मात्र सोळाही कपांचे भरलेले असतात.

ताजेपणा ओळखण्याची खूण सोपी आहे. दळलेल्या कॉफीवर थोडे गरम पाणी ओतावे. ती फुगून वर आली आणि फेस धरला तर ताजी. पाणी ओतल्यावर ती नुसती ओल्या मातीसारखी बसली तर तिच्यातील वायू निघून गेला आहे आणि सुगंधही बहुतेक गेला आहे. पाकिटावर भाजल्याची तारीख आहे की केवळ ‘अमुक महिन्यांत वापरावी’ असे लिहिले आहे, हेही पाहावे. दुसऱ्या प्रकारच्या पाकिटावरून काहीही कळत नाही.

मंदाकिनी

माझ्या भावाला तर दळलेलीच जाते आणि त्याने कधी तक्रार केलेली नाही.

भाजणीघर

भावाने बहिणीच्या भेटीबद्दल तक्रार करावी, अशी अपेक्षा ठेवू नये. विनोद सोडा, ते दूध घालून पीत असतील तर फरक कमी जाणवतो. काळी पिणाऱ्याला तो दुसऱ्या आठवड्यातच कळतो.

कृष्णातीरी

एवढे अवघड करण्याचे कारण नाही. कॉफी फ्रिजमध्ये ठेवावी, ती सहा महिने जशीच्या तशी राहते. आमच्या घरी अनेक वर्षे हेच चालते. ग्राइंडरचीही गरज नाही, घरच्या मिक्सरमध्ये दाणे उत्तम दळले जातात.

भाजणीघर

कृष्णातीरी, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. थंडीने कॉफी शिळी होण्याचा वेग कमी होतो, हे खरे. परंतु फ्रिजमध्ये ठेवलेले पाकीट रोज बाहेर काढले की थंड दाण्यांवर हवेतील ओल बसते, आणि ते पुन्हा आत गेले की शेजारच्या भाजीचा, लसणीचा वास घेते. फ्रिजच्या गोठणकप्प्यात ठेवायची असेल तर एकेका आठवड्याच्या छोट्या पुड्या हवाबंद करून ठेवाव्यात आणि काढलेली पुडी परत आत ठेवू नये. तसे केले तर फायदा निश्चित होतो. मात्र वसतिगृहाच्या खोलीत गोठणकप्पा कोठून येणार?

मिक्सरचे पाते दाणे कापते, दळत नाही. त्यातून काही भाग पिठासारखा आणि काही रव्याहून जाड असा निघतो. पिठातून पाण्यात कडवटपणा उतरतो, जाड तुकड्यांतून नुसता आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. ग्राइंडरमध्ये दोन दातेरी पोलादी कड्यांमध्ये दाणा चिरडला जातो. त्यांतील अंतर जेवढे ठेवू तेवढाच जाड तुकडा खाली पडतो. फ्रेंच प्रेससाठी जाड आणि फिल्टरसाठी बारीक असे त्याच यंत्रात करता येते, आणि 3,200 रुपये त्याच गोष्टीचे आहेत.

आजोळ_राजापूर

माझा प्रश्न वेगळा आहे. मला भावाला चित्रपट पाहण्याच्या एखाद्या ॲपची वार्षिक वर्गणी द्यायची आहे. येथे चर्चा मासिक वर्गणीची चालू आहे म्हणून विचारते, महिन्याची घ्यावी की वर्षाची?

टाकळीकर

आजोळताई, येथे कॉफीची चर्चा चालू आहे, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो: आधी भावाला विचारा की तो कोणाचा पासवर्ड वापरतो. बहुतेक तो आपलाच निघेल.

लंडनस्थ

माझा अनुभव देशाबाहेरचा आहे, तरीही धाग्याशी जवळचा आहे. मी हॅरो येथे राहतो. माझ्या बहिणीने नाशिकहून मला कॉफीची पाकिटे आणि पितळी फिल्टर असे एकत्र मोठे खोके पाठवले. ब्रिटनमध्ये खाजगी भेटवस्तूचे मोल 39 पौंडांपर्यंत असेल तरच तिच्यावर आयातीवरचा व्हॅट लागत नाही. खोक्यावरील किंमत त्याहून थोडी अधिक होती, म्हणून मला व्हॅट भरावा लागला आणि टपाल खात्याचे हाताळणी शुल्क वेगळे. बहिणीला मी ते सांगितले नाही.

तेव्हापासून आम्ही उलट रीत ठरवली आहे. टिकाऊ वस्तू ती स्वतः येताना सामानात आणते, आणि कॉफी मी येथील भाजणीवाल्याकडून घेतो, पैसे ती देते. भारतीय कार्डावरून परकीय चलनात दरमहा पैसे गेले की बँक प्रत्येक वेळी तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत वरकड घेते, हे तिला पहिल्याच विवरणात दिसले. म्हणून आता ती वर्षाचे एकदम देते.

हिशेबनीस

लंडनस्थ, हा मुद्दा देशांतर्गतही लागू पडतो. सज्जनगडकर, आपली योजना आगाऊ पैसे भरण्याची आहे की कार्डावरून दरमहा कापली जाणारी?

दोहोंत मोठा फरक आहे. दरमहा कापली जाणारी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी आपल्याला सूचना यायला हवी, आणि एवढ्या लहान रकमेला पहिल्या नोंदणीनंतर प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही. सोय चांगली आहे, पण ती वर्ष संपल्यावर आपोआप थांबत नाही. भेट म्हणून सुरू केलेली योजना तिसऱ्या वर्षीही चालू राहते, कारण बहिणीला ‘बंद कर’ म्हणणे अवघड वाटते आणि भावाला ‘बंद करू का’ विचारणे त्याहून अवघड. आगाऊ भरलेल्या योजनेला शेवट असतो, आणि दुसरा लाभ म्हणजे दर गोठतो. 2025 च्या फेब्रुवारीत जागतिक बाजारात अरेबिका कॉफीचे भाव विक्रमी उंचीवर गेले, तेव्हा दरमहा पैसे देणाऱ्यांना वर्षाच्या मध्यात वाढलेली किंमत पडली, तर आगाऊ भरलेल्यांना जुन्याच दराने पाकिटे मिळत राहिली. याची दुसरी बाजू अशी की विक्रेत्याने दुकान गुंडाळले तर आगाऊ भरलेले पैसे अडकतात. एका छोट्या व्यावसायिकाकडे माझे राहिलेले तीन हप्ते असेच बुडाले.

मंदाकिनी

योजना संपण्याबद्दल एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. तेराव्या महिन्यात पाकीट आले नाही तेव्हा भावाने काही विचारले नाही, पण वहिनी म्हणाल्या की तो दोनदा सोसायटीच्या फाटकावर चौकशी करून आला. मग मी ती पुन्हा सुरू केली. हे दुसरे वर्ष मी हौसेने देत आहे की देणे लागते म्हणून, हे मला स्वतःला सांगता येत नाही.

सज्जनगडकर

बहिणीशी बोललो. भेटीचे न सांगता सहज चौकशी केल्यासारखे विचारले, तरी तिला संशय आला असावा.

ती खोलीत महिन्याला साधारण बारा कप करते. बाकीची कॉफी रुग्णालयाच्या उपाहारगृहातली, दूध घातलेली. खोलीतली काळी असते, रात्रपाळीच्या आधी. तिच्याकडे विजेची किटली आहे, स्वयंपाकाची परवानगी नाही. मैत्रिणी चहाच पितात, म्हणजे रात्रपाळी यांची भीती तूर्त खरी नाही. योजना आगाऊ भरण्याची आहे. दाणे किंवा दळलेली, दोन्ही मिळते.

हिशेबनीस

मग आकडे नव्याने मांडतो, कारण आता चित्र पालटले आहे.

महिन्याला बारा कप म्हणजे 180 ग्रॅम. पाकीट अडीचशेचे. दरमहा 70 ग्रॅम शिल्लक राहणार आणि वर्षात ही शिल्लक 840 ग्रॅम होणार, म्हणजे तीन पाकिटांहून अधिक कॉफी शिळी होऊन पडणार किंवा कोणाला तरी वाटली जाणार. बारा महिन्यांत ती 144 कप पिणार. 7,560 रुपये 144 कपांवर टाकले की दर 39 वरून साडेबावन्नवर जातो. हा झाला सबंध दाण्यांचा हिशेब. दळलेली मागवली तर भाजणीघर यांनी सांगितल्याप्रमाणे त्यातलेही सर्व कप चांगले नसणार.

आता संच 4,700 आणि त्यासोबत चार पाकिटे सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे 2,520. एकूण 7,220, अर्थात आपल्या मर्यादेत. एक पाकीट तिच्या गतीने सुमारे सहा आठवडे पुरते, त्यामुळे पुढचे पाकीट येईतो आधीचे संपलेले असेल. पुढील वर्षी संच पुन्हा घ्यायचा नाही. दरवर्षी चार पाकिटे द्यायची ठरवली तर तीन वर्षांत 12,260 रुपये होतात. मासिक योजना तीन वर्षे चालवली तर 22,680.

शिरीषफूल

हिशेबनीस, आपल्या मांडणीत एक हातचलाखी आहे, आणि ती बोलून दाखवायला हवी. पाकीट सहा आठवडे पुरते म्हणजे वर्षाला जवळजवळ नऊ पाकिटे लागतात. भाऊ चार देणार, उरलेली पाच बहिणीने स्वतः घ्यायची. 630 प्रमाणे 3,150 रुपये दरवर्षी तिच्या विद्यावेतनातून जाणार. आपण भावाचा खर्च कमी केला नाही, तो बहिणीकडे सरकवला. झटपट कॉफीत ती सुखी होती. ग्राइंडर आल्यावर तिला महाग दाणे घेणे भाग पडेल. ही भेट आहे की खर्चाची सवय लावणे आहे?

मला अशीच एक भेट मिळाली होती. भावाने सुंदर शाईपेन दिले आणि त्याची शाई, त्याचे कागद, सगळे मी आजतागायत विकत घेते आहे.

हिशेबनीस

मुद्दा मान्य आहे. तीन वर्षांच्या तुलनेत मी केवळ भावाच्या खिशातले आकडे घेतले. परंतु मासिक योजनेतही वर्ष संपल्यावर हेच होणार, फक्त तेव्हा तिच्याकडे ग्राइंडरही नसेल. सवय दोन्हीकडून लागते.

शिरीषफूल

योजनेत वर्षभर तरी तिला खर्च नाही. आणि संपल्यावर ती बाटलीतल्या कॉफीवर निमूट परत जाऊ शकते. 4,700 रुपयांची वस्तू डोळ्यांसमोर असताना तसे जाणे जमत नाही, न वापरल्याचा दोष वाटत राहतो.

नाना_निवृत्त

मी सातारा जिल्ह्यातच राहतो आणि वयाच्या अधिकाराने सांगतो की भाऊबीजेला रोख रक्कम पाठवावी. तिला काय हवे ते ती घेईल. आमच्या काळी मनीऑर्डर जात असे, आता मोबाइलवरून क्षणात जाते. सख्ख्या भावाकडून बहिणीला मिळालेल्या पैशांवर आयकरही लागत नाही.

रात्रपाळी

नाना, निवासी डॉक्टरच्या खात्यात आलेले साडेसात हजार रुपये कोठे जातात ते आम्हालाही कधी समजले नाही.

भाजणीघर

शिरीषफूल यांचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच सांगतो की नऊच्या नऊ पाकिटे बंगळूरहून 630 रुपयांची असायला हवीत असे नाही. ग्राइंडर असला की कोठलेही साधे, ताजे भाजलेले दाणे चालतात. चांगली दळण असलेली मध्यम कॉफी ही वाईट दळलेल्या महाग कॉफीपेक्षा बरी लागते, हे मी ग्राहकांना स्वतःचे नुकसान करून सांगत आलो आहे.

टिकाऊपणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. रोज एखादा कप दळणाऱ्या घरात पोलादी दात्यांचा ग्राइंडर कित्येक वर्षे चालतो, तो झिजून निकामी झाल्याचे मी घरगुती वापरात क्वचितच पाहिले. बिघडतो तो इतर कारणांनी. एक म्हणजे स्वस्त यंत्रातला मधला दांडा डगमगतो, दाते एकसारख्या अंतरावर राहत नाहीत आणि दळण मिक्सरसारखी होते. हे घेतानाच कळते: मूठ धरून दांडा आडवा हलवून पाहावा, जाणवण्याइतका खेळ असेल तर तो परत करावा. दुसरे म्हणजे लोक तो पाण्याखाली धुतात. दात्यांना आणि आतल्या बेअरिंगला ओल लागू देऊ नये, दिब्रुगडच्या हवेत तर नाहीच. कोरड्या ब्रशने दोन आठवड्यांनी झाडणे पुरते. तिसरे कारण मी वेगळे लिहीत नाही, कारण ते कोणीतरी लिहीलच.

फ्रेंच प्रेसची काच मात्र जाते. एक तर कुरिअरमध्ये, नाहीतर धुताना. वसतिगृहासाठी पोलादाच्या दुहेरी भिंतीचा घ्यावा. थोडा महाग पडतो, पण फुटत नाही आणि रात्रपाळीच्या आधी एखादा फोन आला तरी कॉफी गरम राहते.

टाकळीकर

तिसरे कारण मी लिहितो. मिरी. आमच्या मामेभावाच्या ग्राइंडरमध्ये त्याच्या खोलीमित्राने ऑम्लेटसाठी मिरी दळली. त्यानंतर कित्येक दिवस त्याची कॉफी काढ्यासारखी लागत होती आणि सर्दी मात्र कोणालाच झाली नाही.

कृष्णातीरी

भाजणीघर, फ्रिजचे आपले म्हणणे पटले. मिक्सरचे पूर्ण पटलेले नाही. थांबत-थांबत फिरवला आणि भांडे हलवत राहिले तर बऱ्यापैकी सारखे दळले जाते.

भाजणीघर

तसे केल्याने पुष्कळ सुधारते, हे खरे. पण तिच्या खोलीत मिक्सरही नसणार, आणि असला तरी पहाटे तीन वाजता तो लावणारी मुलगी मैत्रिणींत फार काळ राहत नाही. हाताचा ग्राइंडर पंधरा ग्रॅम दाणे एखाद-दीड मिनिटात, फारसा आवाज न करता दळतो.

चिखलदऱ्याची_वाट

महाराष्ट्रातली कॉफी द्यावी, असे सुचवते. आमच्या मेळघाटात चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते. दूरच्या भावंडाला त्यातले एखादे पाकीट गेले तर त्यात घरचे काहीतरी आहे असे वाटते. मात्र ती दरमहा, ठरल्या वेळी मिळेल याची खात्री देता येत नाही, म्हणून योजनेसाठी नव्हे, चार पाकिटांपैकी एखाद्यासाठी.

मंदाकिनी

ही कल्पना फार आवडली. दरमहाचे पाकीट विक्रेता निवडतो आणि तोच पाठवतो, त्यात माझा हात फक्त पैशांपुरता असतो. चार पाकिटे भावाने स्वतः निवडली तर माझा मूळ मुद्दा, की त्या निमित्ताने बोलणे होते, अधिकच लागू पडेल. पण मग ती पाठवण्याची आठवण भावानेच ठेवायला हवी आणि याबाबतीत भावांचा लौकिक काय आहे हे सर्वांना ठाऊक आहे.

सज्जनगडकर

लौकिकाचा मुद्दा निमूट मान्य. भ्रमणध्वनीत सहा-सहा आठवड्यांची सूचना लावून ठेवली आहे.

सर्वांचे वाचून माझा कल संच आणि चार पाकिटे यांकडे झाला आहे. शिरीषफूल यांचा आक्षेप मात्र डोक्यातून जात नाही. तिच्या विद्यावेतनावर वर्षाला तीन हजारांचा भार टाकणे मला नको आहे. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या भाऊबीजेला चार नव्हे, पाच पाकिटे देण्याचा विचार आहे. उरलेली चार तिची. दुसरी शंका अशी की ती काळी पिते, पण फार आंबट कॉफी तिला चालत नाही. अशा वेळी कोणते दाणे पाठवावेत?

भाजणीघर

पहिल्या पाकिटासाठी मध्यम किंवा मध्यमाहून किंचित गडद भाजणी घ्यावी. हलक्या भाजणीत फळासारखा आंबटपणा पुढे येतो, आणि बाटलीतल्या कॉफीवरून एकदम तेथे जाणाऱ्याला ती बिघडली आहे असे वाटते. आंबटपणा अजिबात नको असेल तर मॉन्सून मलबार पाहावी. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या दमट वाऱ्यात कच्चे दाणे आठवडेच्या आठवडे पसरून ठेवतात, ते फुगतात, फिके पडतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ निघून जातो. चव जड, मातकट असते. कोणाला ती फार आवडते, कोणाला बिलकुल नाही.

प्रमाण सांगतो: पंधरा ग्रॅम कॉफी, सव्वादोनशे मिलिलिटर पाणी, चार मिनिटे, मग दट्ट्या खाली दाबून लगेच पेल्यात ओतावी. प्रेसमध्येच राहू दिली तर कडवट होत जाते.

शिरीषफूल

पाच पाकिटांवर मी माझा आक्षेप निम्मा मागे घेते. उरलेला निम्मा बहिणीला काय वाटते ते कळेपर्यंत राखून ठेवते.

लंडनस्थ

एक व्यवहारातली गोष्ट. संच विक्रेत्याकडून थेट दिब्रुगडला पाठवू नका. आधी स्वतःकडे मागवा, भाजणीघर यांनी सांगितल्याप्रमाणे दांडा हलवून पाहा, काटा तपासा, आणि मग पुढे पाठवा. परत करण्याची मुदत बहुधा वस्तू पोचल्यापासून काही दिवसांचीच असते, आणि परीक्षा चालू असलेली बहीण खोके त्या मुदतीत उघडेलच असे नाही.

रात्रपाळी

आणि पार्सलवर वसतिगृहाच्या खोलीचा क्रमांक लिहा, केवळ महाविद्यालयाचे नाव लिहू नका. आमच्याकडे पार्सले आधी कार्यालयात जात, तेथून रखवालदाराकडे, आणि रखवालदार रजेवर असला की त्याच्या कपाटात. काट्याची बॅटरीही सोबतच पाठवा. रात्री अकरा वाजता ती कोठेच मिळत नाही.